शंभराचा रोखा साडेएक्क्याण्णवला कसा?

भारत सरकारने १२ जुलै २०२१ रोजी दहा वर्षांचा एक नवा रोखा काढला. बाजारात त्याचं नाव ‘६.१० जीएस २०३१’. जीएस म्हणजे सरकारी रोखा, ६.१० हा त्याचा वार्षिक व्याजदर आणि २०३१ हे मुद्दल परत मिळण्याचं वर्ष. लिलावात जो दर ठरला तोच त्याचा व्याजदर म्हणून छापला गेला. त्यामुळे पहिल्या दिवशी शंभर रुपये दर्शनी किमतीचा रोखा शंभर रुपयांनाच मिळत होता.

पुढच्या वर्षभरात चित्र पालटलं. महागाई वाढली, युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने पतधोरणाच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्क्यांवर नेला आणि जूनमध्ये तो ४.९० टक्के केला. जुलै २०२२ मध्ये साधारण तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांवर बाजार सव्वासात ते साडेसात टक्के मागत होता. या लेखातल्या गणितासाठी आपण ७.४० टक्के धरू. त्या दराने १२ जुलै २०२२ रोजी ‘६.१० जीएस २०३१’ची किंमत निघते ९१ रुपये ५७ पैसे.

सरकारने एकही हप्ता चुकवलेला नाही. २०३१ मध्ये शंभरच्या शंभर रुपये मिळणार याबद्दल कुणाला शंका नाही. तरीही सव्वाआठ रुपयांहून जास्त घट. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘रिटेल डायरेक्ट’ ही सोय सुरू केली आणि दहा हजार रुपयांपासून सरकारी रोखे घेणं सामान्य माणसाला शक्य झालं. तेव्हापासून या घटीचं कोडं बऱ्याच घरांत पोचलं आहे. सरकारी कागद म्हणजे सुरक्षित, मग हे नुकसान कुठून आलं, असं लोक कळवळून विचारतात. ९१.५७ हा आकडा कुणाच्या लहरीवर ठरत नाही. कागद, पेन आणि साधा कॅल्क्युलेटर असेल तर तो घरीही काढता येतो, आणि एकदा स्वतः काढला की ती घट नेमकी कशाची हे दिसू लागतं.

आधी या कागदात सरकारने काय कबूल केलं आहे ते पाहू. वर्षाला ६.१० टक्के, पण ते वर्षातून एकदा द्यायचे नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक सरकारी रोख्यांप्रमाणे इथेही व्याज सहामाही आहे. दर १२ जानेवारीला ३ रुपये ५ पैसे आणि दर १२ जुलैला ३ रुपये ५ पैसे. या प्रत्येक हप्त्याला कूपन म्हणतात. १२ जुलै २०२२ चं कूपन जुन्या मालकाच्या खात्यात जमा झालं असं समजू. त्या दिवशी रोखा हाती घेणाऱ्याला नऊ वर्षांत अठरा कूपनं मिळतील. अठराव्या कूपनाच्या दिवशी, म्हणजे १२ जुलै २०३१ ला, त्याच्यासोबत मुद्दलाचे शंभर रुपयेही येतील. यापलीकडे या कागदात काही नाही. अठरा वेळा ३.०५ आणि शेवटी १००.

साधी बेरीज केली तर अठरा कूपनांचे ५४ रुपये ९० पैसे होतात. त्यात शंभर मिळवले की १५४.९०. पण ही बेरीज किंमत म्हणून निरुपयोगी आहे, कारण तिच्यात सहा महिन्यांनी मिळणारे ३.०५ आणि नऊ वर्षांनी मिळणारे ३.०५ एकाच भावाने मोजले आहेत. बाजार जर तुमच्या पैशावर वर्षाला ७.४० टक्के द्यायला तयार असेल, तर उशिरा येणाऱ्या रुपयाची आजची किंमत रुपयापेक्षा कमीच असणार. ती किती कमी, एवढंच शोधायचं आहे.

इथे रोखेबाजाराचा एक संकेत ध्यानात ठेवावा लागतो. सहामाही कूपनाच्या रोख्यावर ‘७.४० टक्के परतावा’ म्हटलं की त्याचा अर्थ दर सहा महिन्यांना ३.७० टक्के असा घ्यायचा. वार्षिक दर सरळ निम्मा करायचा. बाजारात या परताव्याच्या दराला यील्ड म्हणतात. रोख्यावर छापलेला ६.१० टक्के दर मुदतभर बदलत नाही. यील्ड मात्र रोज बदलतं, कारण तो आजच्या खरेदीदाराने मागितलेला दर असतो. व्यवहाराचे आकडे दाखवणाऱ्या पडद्यावर हे दोन्ही दर एकाच ओळीत दिसतात आणि नवखा माणूस तिथेच गोंधळतो.

आता पहिलं कूपन घेऊ. ते सहा महिन्यांनी येणार आहे. आज किती रुपये ३.७० टक्क्यांनी वाढवले तर सहा महिन्यांनी ३.०५ होतील? ३.०५ ला १.०३७ ने भागायचं. उत्तर २ रुपये ९४ पैसे. हेच पहिल्या कूपनाचं वर्तमान मूल्य. दुसरं कूपन वर्षाने येतं, म्हणून १.०३७ ने दोनदा भागायचं. उत्तर २ रुपये ८४ पैसे. असं करत गेलं की अठराव्या कूपनाला अठरा वेळा भागावं लागतं आणि त्याची आजची किंमत फक्त १ रुपया ५९ पैसे उरते. मुद्दलाचे शंभर रुपयेही त्याच दिवशी येणार, त्यामुळे तेही अठरा वेळा भागायचे. ते होतात ५२ रुपये. ही सगळी वर्तमान मूल्यं एकत्र मिळवली की रोख्याची किंमत मिळते. चिन्हांत लिहायचं तर असं:

```
P = C/(1+y) + C/(1+y)^2 + ... + C/(1+y)^n + F/(1+y)^n

C = 3.05   y = 0.037   n = 18   F = 100
```

सूत्र बरोबर आहे, पण अठरा भागाकारांच्या ओझ्याखाली त्याचा अर्थ दडतो. मला हे गणित उलट्या टोकाने, २०३१ पासून मागे येत करायला आवडतं.

१२ जानेवारी २०३१ या दिवशी उभे आहोत असं समजा. त्या दिवसाचं कूपन मिळून गेलं आहे. आता सहा महिन्यांनी एकदाच पैसे येणार: ३.०५ चं शेवटचं कूपन आणि १०० मुद्दल, मिळून १०३.०५. सहामाहीला ३.७० टक्के मागणारा माणूस या १०३.०५ साठी किती देईल? १०३.०५ भागिले १.०३७, म्हणजे ९९ रुपये ३७ पैसे. आता आणखी सहा महिने मागे या, १२ जुलै २०३० ला. त्या दिवशी रोखा घेणाऱ्याला सहा महिन्यांनी ३.०५ चं कूपन मिळेल आणि हातात ९९.३७ किमतीचा रोखाही राहील. दोन्ही मिळून १०२.४२. त्याला १.०३७ ने भागलं की ९८ रुपये ७७ पैसे. कृती प्रत्येक टप्प्यावर तीच आहे. पुढच्या टप्प्याची किंमत घ्या, तिच्यात ३.०५ मिळवा, १.०३७ ने भागा आणि सहा महिने मागे या. अठराव्या पावलावर तुम्ही १२ जुलै २०२२ ला पोचता आणि हातात ९१.५७ असतात. सूत्रातही हेच घडतं. फरक इतकाच की इथे प्रत्येक पायरीवर रोख्याची एक खरी किंमत दिसते.

अठरा पावलं चालायची नसतील तर एक जवळची वाट आहे. ती नुसती पाठ करू नये, कारण तिच्यामागचा विचार सुंदर आहे. एक रुपया ३.७० टक्के सहामाही व्याजाने ठेवला आणि दर सहा महिन्यांनी फक्त व्याज उचललं, तर अठरा वेळा ३.७ पैसे मिळतात आणि शेवटी तो रुपया तसाच परत येतो. म्हणजे आजचा एक रुपया = ३.७ पैशांचे अठरा हप्ते आणि नऊ वर्षांनी मिळणारा एक रुपया. नऊ वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत आपण वर काढलीच आहे, ५२ पैसे. मग उरलेले ४८ पैसे ही त्या अठरा हप्त्यांचीच किंमत असली पाहिजे. ३.७ पैशांच्या हप्त्यांची मालिका ४८ पैशांना मिळत असेल, तर एकेका रुपयाच्या अठरा हप्त्यांची मालिका ०.४८ भागिले ०.०३७, म्हणजे सुमारे १२ रुपये ९७ पैशांना मिळेल. आपला हप्ता ३.०५ चा आहे. १२.९७ ला त्याने गुणलं की सगळ्या कूपनांची मिळून किंमत येते, ३९ रुपये ५७ पैसे. त्यात मुद्दलाचे ५२ मिळवा. ९१.५७. (मधले आकडे इथे दोन दशांशांपर्यंत छोटे केले आहेत. हिशेब करताना ते छोटे करू नयेत, पैशा-दोन पैशांचा फरक पडतो. बाजारात किंमत चार दशांशांपर्यंत बोलली जाते आणि ती इथे ९१.५६७१ येते.)

या ९१.५७ चे दोन तुकडे बघण्यासारखे आहेत. कूपनांचे ५४.९० रुपये आज ३९.५७ चे झाले, पण मुद्दलाचे शंभर थेट ५२ वर आले. कारण कूपनं थोडी थोडी करून वाटेतच मिळत जातात, मुद्दल मात्र सगळ्यात शेवटी येतं. दर वाढले की लांबच्या पैशाला सर्वांत जास्त मार बसतो, कारण त्याला अठरा वेळा भागावं लागतं. वीस-तीस वर्षांच्या रोख्यांचे भाव इतके का हलतात याचं उत्तरही इथेच आहे.

आता हीच किंमत पासबुकासारखी वाचून पाहू. एका खात्यात ९१.५७ भरले आणि खातं सहामाहीला ३.७० टक्के देतं, असं समजा. पहिल्या सहा महिन्यांत व्याज जमा झालं ३ रुपये ३९ पैसे. त्यातून ३.०५ कूपन म्हणून काढून घेतले. उरलेले ३४ पैसे खात्यातच राहिले, म्हणून शिल्लक झाली ९१ रुपये ९१ पैसे. पुढच्या सहामाहीत या वाढलेल्या शिलकीवर व्याज, पुन्हा ३.०५ ची उचल आणि पुन्हा थोडी भर. अशी अठरा वेळा उचल केल्यावर खात्यात बरोबर शंभर रुपये उरतात. ९१.५७ ऐवजी नव्वदच भरले असते तर शेवटी शंभर उरले नसते, आणि पंच्याण्णव भरले असते तर शंभराहून जास्त उरले असते. ९१.५७ हा एकच आकडा सगळे हप्ते देऊन शेवटी शंभरावर पोचतो.

२०२१ मध्ये शंभर देणारा माणूस आणि २०२२ मध्ये ९१.५७ देणारा माणूस यांना रोख्याकडून मिळणारा हप्ता एकच आहे, ३.०५. दुसऱ्याला ७.४० टक्के हवेत. सरकार कूपन वाढवणार नाही आणि मुद्दलही वाढवणार नाही. मग त्याला हवा तो दर मिळण्याचा एकच मार्ग उरतो: खरेदी स्वस्तात करणं. ती ८ रुपये ४३ पैशांची घट म्हणजे कमी कूपनाची भरपाई आहे आणि ती नऊ वर्षांत थोडी थोडी करून भरून येते. म्हणूनच मुदत जवळ येत जाते तसा हा रोखा आपोआप शंभराकडे सरकतो. पहिल्या सहामाहीत ३४ पैसे वर गेला होता, शेवटच्या सहामाहीत ६३ पैसे जातो. दर ६.१० टक्क्यांवरच राहिले असते, तर सहामाहीचं ३.०५ व्याज आणि ३.०५ ची उचल यांची बरोबरी झाली असती आणि शिल्लक कायम शंभरच राहिली असती.

या बरोबरीतून एक पडताळा मिळतो. यील्ड कूपनाच्या दराहून जास्त असेल तर किंमत शंभराच्या खाली यायला हवी, कमी असेल तर शंभराच्या वर, आणि सारखं असेल तर बरोबर शंभर. उत्तर यात बसत नसेल तर आकडेमोड तपासायची. सहामाही रोख्याच्या गणितात तीन गोष्टी निम्म्या-दुप्पट कराव्या लागतात: कूपन निम्मं, दर निम्मा, हप्त्यांची संख्या दुप्पट. चूक बहुधा यातली एखादी विसरल्याने होते. दर निम्मा करायचा राहिला आणि ७.४० टक्क्यांनीच अठरा वेळा भागलं, तर उत्तर ५७ रुपये ४८ पैसे येतं. ते इतकं विचित्र दिसतं की चूक लगेच पकडली जाते. दर निम्मा केला, पण कूपन ६.१० च ठेवलं आणि हप्ते नऊच मोजले, तर ११८.०९ येतात. तेही वरच्या पडताळ्यात सापडतं, कारण यील्ड जास्त असताना भाव शंभराच्या वर जाऊच शकत नाही. धोक्याची चूक वेगळीच आहे. कूपन आणि दर दोन्ही नीट निम्मे केले, पण नऊ वर्षं आहेत म्हणून नऊच हप्ते मोजले, तर ९५.१० येतात. हा आकडा शंभराच्या खाली आहे, शोभून दिसतो आणि साफ चुकीचा आहे. पडताळा तो पकडू शकत नाही. तो पकडायला शेवटच्या तारखेपर्यंतची कूपनं तारखांनिशी मोजावीच लागतात.

आणखी एक चूक इतकी बारीक आहे की ती चूक वाटतच नाही. सहामाहीची भानगड नको म्हणून सरळ वर्षाला एकदा ६.१० आणि दर ७.४० टक्के धरला, तर किंमत ९१.६७ येते. फरक जेमतेम साडेदहा पैशांचा. दहा हजारांच्या रोख्यावर हे साडेदहा रुपये होतात आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाहीत. पण सरकारी रोख्यांचे व्यवहार कोटींत होतात. शंभर कोटी दर्शनी किमतीच्या व्यवहारात हेच साडेदहा पैसे साडेदहा लाख रुपये होतात.

फरक का पडतो तेही पाहू. सहामाहीला ३.७० टक्के म्हणजे वर्षाला ७.४० टक्के नव्हे. पहिल्या सहामाहीच्या व्याजावर दुसऱ्या सहामाहीत पुन्हा व्याज मिळतं, त्यामुळे वर्षाचा खरा दर ७.५४ टक्के होतो. रोखा आणि बँकेची मुदत ठेव यांची तुलना करताना हे विसरता कामा नये. आपल्या बँकांच्या मुदत ठेवींवर साधारणपणे तिमाही चक्रवाढ व्याज असतं. तिथे ७.४० टक्के लिहिलेलं असेल तर वर्षाचा खरा दर ७.६१ टक्के पडतो. कागदावर सारखे दिसणारे हे दोन दर सारखे नाहीत. आधी दोन्ही वर्षाच्या खऱ्या दरात आणायचे आणि मगच ताडून पाहायचे.

आतापर्यंत आपण सोयीचा दिवस निवडला होता, कूपनाचाच दिवस. प्रत्यक्षात माणूस कुठल्याही दिवशी रोखा घेतो. समजा व्यवहार पुरा होण्याची तारीख १२ ऑक्टोबर २०२२ आहे आणि यील्ड ७.४० टक्केच आहे. पुढचं कूपन १२ जानेवारी २०२३ चं. सहामाहीतला अर्धा काळ सरलेला आहे. जुलैतली ९१.५७ ही शिल्लक आता अर्ध्या सहामाहीने वाढवायची, म्हणजे १.०३७ च्या वर्गमुळाने गुणायची. येतात ९३ रुपये २५ पैसे. खरेदीदाराच्या खात्यातून खरोखर एवढेच पैसे जातात.

पडद्यावर मात्र भाव ९३.२५ दिसणार नाही, ९१.७२ दिसेल. मधल्या दीड रुपयाचं कारण सोपं आहे. जुलै ते ऑक्टोबर रोखा विकणाऱ्याकडे होता, तेव्हा जानेवारीच्या कूपनातला तीन महिन्यांचा वाटा त्याचा. पण जानेवारीत पूर्ण ३.०५ खरेदीदारालाच मिळणार. म्हणून तो वाटा खरेदीदार आजच चुकता करतो. सरकारी रोख्यांच्या बाजारात त्यासाठी महिना ३० दिवसांचा आणि वर्ष ३६० दिवसांचं धरतात. १२ जुलै ते १२ ऑक्टोबर म्हणजे पंचांगाप्रमाणे ९२ दिवस, पण इथे ९०. ६.१० गुणिले ९० भागिले ३६० = १ रुपया ५२.५ पैसे. ९३.२५ मधून ते वजा केले की ९१.७२. व्याज वगळलेल्या या भावाला बाजारात क्लीन प्राइस म्हणतात आणि व्याज धरून दिलेल्या रकमेला डर्टी प्राइस.

भाव व्याज वगळून सांगण्यात शहाणपण आहे. पूर्ण रक्कम कूपनाच्या तारखेपर्यंत रोज थोडी चढते आणि कूपन मिळालं की एका दिवसात तीन रुपयांनी घसरते. ती घसरण पाहून कुणालाही वाटेल की बाजार पडला. व्याज बाजूला काढलं की उरलेला भाव यील्ड बदललं तरच ठळकपणे हलतो. रिटेल डायरेक्टवर पहिल्यांदा खरेदी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. भावापेक्षा जास्त पैसे कापले गेले तर ते शुल्क नाही, मधल्या काळाचं व्याज आहे आणि पुढच्या कूपनातून ते परत मिळतं.

हे सगळं स्प्रेडशीटमध्ये एका ओळीत होतं. खरेदीची तारीख, मुदतीची तारीख, कूपनाचा दर, यील्ड, दर्शनी किंमत, वर्षातून किती कूपनं आणि दिवस मोजण्याची पद्धत, याच क्रमाने ते द्यायचं असतं:

```
=PRICE(DATE(2022,7,12),DATE(2031,7,12),0.061,0.074,100,2,4)
```

उत्तर ९१.५६७१ येतं. तारीख १२ ऑक्टोबर केली तर ९१.७२ मिळतात, म्हणजे हे सूत्र व्याज वगळलेला भाव देतं आणि व्याज आपण वेगळं मिळवायचं असतं. शेवटून दुसरा आकडा २ आहे, तो सहामाहीचा. तिथे चुकून १ पडला की वर सांगितलेला ९१.६७ चा आकडा मिळतो आणि स्प्रेडशीट कुठलीही तक्रार करत नाही.

या गणिताची खरी धग महाराष्ट्रातल्या सहकारी बँकांना चांगली माहीत आहे. ठेवींचा ठरावीक भाग त्यांना सरकारी रोख्यांसारख्या कागदांत ठेवावा लागतो. रोखा मुदतीपर्यंत ठेवायचा असं आधीच ठरवून तसा नोंदवला असेल तर भावातली चढउतार हिशेबात रोज येत नाही. पण ‘विक्रीसाठी उपलब्ध’ या गटात ठेवला असेल तर बाजारभावाने त्याचं मूल्य लावावं लागतं आणि घट झाली तर तरतूद करावी लागते. शंभर रुपये भावाने ‘६.१० जीएस २०३१’चे दहा कोटी घेतलेल्या बँकेला ९१.५७ भावाने ८४ लाखांहून जास्त घट दाखवावी लागेल. हप्ते वेळेवर येत असताना नफा आटतो तो असा. आणि ७.४० चं यील्ड आणखी फक्त दहा पैशांनी वाढून ७.५० झालं, तर किंमत ९०.९६ वर येते. म्हणजे शंभरामागे ६१ पैसे, दहा कोटींवर सहा लाख रुपये. महाराष्ट्र सरकारचे स्वतःचे रोखे, ज्यांना राज्य विकास कर्ज म्हणतात, तेही सहामाही कूपनाचे आहेत आणि त्यांची किंमतही अशीच निघते. केंद्राच्या रोख्यापेक्षा बाजार त्यांच्यावर थोडा जास्त दर मागतो, एवढंच. खाजगी कंपनीच्या रोख्यात तर पैसे बुडण्याची शक्यताही दरात धरावी लागते. तिथे हे गणित चालतं, पण कुठला दर घ्यायचा हा प्रश्न गणिताहून मोठा होतो.

शेवटी दोन मर्यादा सांगायला हव्यात. पहिली अशी, की आपण सहा महिन्यांनी येणाऱ्या कूपनाला आणि नऊ वर्षांनी येणाऱ्या मुद्दलाला एकच दर लावला. बाजारात सहा महिन्यांच्या पैशाचा दर आणि नऊ वर्षांच्या पैशाचा दर सहसा सारखा नसतो. प्रत्येक हप्त्याला त्याच्या मुदतीचा दर लावणं जास्त काटेकोर. २०१० पासून आपल्याकडे काही सरकारी रोख्यांची कूपनं आणि मुद्दल सुटं करून वेगवेगळं विकायची सोय आहे, आणि तिथे प्रत्येक तुकड्याचा स्वतःचा भाव असतो. एकच यील्ड म्हणजे या सगळ्या दरांच्या जागी ठेवलेला एक आकडा. त्याने किंमत तीच येते, पण वेगवेगळ्या हप्त्यांवर बाजार वेगवेगळे दर लावतो ही गोष्ट त्यात दिसत नाही.

दुसरी मर्यादा घेणाऱ्याच्या खिशाची आहे. ९१.५७ देऊन रोखा मुदतीपर्यंत ठेवला की ७.४० टक्के मिळतात, हे खात्यात त्या त्या वेळी शिल्लक असलेल्या पैशापुरतं खरं आहे. हातात आलेल्या प्रत्येक ३.०५ चं पुढे काय केलं यावर बाकीचं ठरतं. कूपन घरखर्चात गेलं तर त्यावर पुढे व्याज नाही. ते पुन्हा गुंतवलं आणि तोवर दर पाच टक्क्यांवर आलेले असले तर त्या पैशावर पाचच टक्के मिळतील, आणि नऊ वर्षांनी एकूण जमा ७.४० च्या हिशेबापेक्षा कमी भरेल. निवृत्तीनंतर दरमहाच्या खर्चासाठी रोखे घेणाऱ्याला याचा फारसा त्रास नाही, कारण कूपन खर्च करायलाच घेतलेलं असतं. मुलीच्या शिक्षणासाठी नऊ वर्षांनी ठरावीक रक्कम उभी करणाऱ्याला मात्र कूपन पुन्हा कुठे आणि किती दराने गुंतवायचं हे दर सहा महिन्यांनी ठरवावं लागतं.